मेटाफर म्हणजे रूपकच का? काव्यातल्या इंग्रजी-मराठी संज्ञा जुळवण्याची एक रीत

सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक. शाळेत शिकलेली ही जोडी आपण पुढे आयुष्यभर वापरतो. मीही वापरली. एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी प्रत्येक मेटाफरच्या जागी रूपक लिहीत गेलो आणि एका वाक्यापाशी अडलो. लेखकाच्या मते टेबलाचा पाय हा सुद्धा मेटाफरच. आता 'टेबलाचा पाय' हा रूपक अलंकार आहे असं मराठीत लिहिलं, तर अलंकार शिकलेला कुणीही वाचक ते मान्य करणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. त्या दिवशी मी आधीची सगळी पानं परत काढली आणि प्रत्येक रूपक पुन्हा तपासलं. निम्म्याहून अधिक ठिकाणी दुसरा शब्द हवा होता.

अडचण शब्दकोशाची नाही. दोन्ही परंपरांनी एकच मैदान वेगवेगळ्या रेघांनी वाटून घेतलं आहे. इंग्रजी शाळकरी व्याख्या वाक्यात कोणता शब्द आहे ते पाहते: 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' असेल तर सिमिली, नसेल तर मेटाफर. आपलं अलंकारशास्त्र दोन वस्तूंमध्ये कवीने कोणतं नातं सांगितलं आहे ते पाहतं. अकराव्या शतकातल्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हे फार थोडक्यात सांगितलं आहे. उपमेची व्याख्या आहे 'साधर्म्यमुपमा भेदे', म्हणजे वस्तू वेगळ्या राहतात आणि त्यांच्यातलं साम्य सांगितलं जातं. रूपकात मात्र उपमान आणि उपमेय यांचा अभेद असतो. भेद आणि अभेद ही दोन टोकं झाली. या टोकांच्या मध्ये आणि पलीकडे बऱ्याच जागा आहेत. त्यांना मराठीत स्वतंत्र नावं आहेत, आणि इंग्रजीत त्यांतल्या बहुतेक जागा सिमिली आणि मेटाफर या दोनच नावांत सामावून जातात.

म्हणून संज्ञेला संज्ञा जोडण्याआधी ओळ उलगडावी. मी ते कसं करतो ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : कशाबद्दल बोलणं चाललंय आणि मध्ये काय आणलंय

ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते उपमेय. त्याच्यासाठी बाहेरून जे आणलं ते उपमान. दोघांत समान असलेला गुण किंवा क्रिया म्हणजे साधारण धर्म. आणि 'सारखा', 'प्रमाणे', 'सम', 'परी' असा जोडणारा शब्द म्हणजे साधर्म्यवाचक शब्द. 'आठवण काट्यासारखी रुतते' या वाक्यात आठवण हे उपमेय, काटा हे उपमान, रुतणं हा धर्म आणि 'सारखी' हा वाचक शब्द. चारही अंगं हजर आहेत, म्हणून ही पूर्णोपमा. एखादं अंग गाळलं तर लुप्तोपमा.

इथे इंग्रजीशी अगदी नेमकी जोडी लागते. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ मध्ये मेटाफरची फोड करण्यासाठी टेनॉर आणि व्हेइकल हे शब्द वापरले. टेनॉर म्हणजे आपलं उपमेय, व्हेइकल म्हणजे उपमान, आणि ज्या साम्यावर दोन्ही उभी असतात त्या ग्राउंडला आपण साधारण धर्म म्हणतो. इंग्रजी समीक्षा मराठीत आणताना हे तीन शब्द बिनधास्त वापरावेत. उलट अनेक अनुवादांत टेनॉरसाठी 'आशय' आणि व्हेइकलसाठी 'वाहन' असे नवे शब्द घडवलेले दिसतात. त्यांची गरज नाही. चांगले, रुळलेले शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत.

रॉबर्ट बर्न्सची 'माझं प्रेम लालबुंद गुलाबासारखं' ही जगप्रसिद्ध ओळ याच चाळणीतून काढून बघा. प्रेम आहे, गुलाब आहे, 'सारखं' आहे, पण सारखं कशात ते सांगितलेलं नाही. इंग्रजीत ती नुसती सिमिली. मराठीत तिला धर्म लुप्त असलेली उपमा म्हणता येतं, आणि तसं म्हटलं की ओळीचं एक मर्म लगेच दिसतं: साम्य कशात आहे ते शोधणं कवीने वाचकावर सोपवलं आहे.

दुसरी पायरी : नातं कोणतं ते पाहणं

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. आठवण आणि काटा हीच जोडी धरून ठेवू आणि फक्त नातं बदलत जाऊ.

आठवण काट्यासारखी रुतते. दोन वस्तू, दोन्ही वेगळ्या. उपमा.

आठवण आली, जणू काटाच पायात मोडला. आता बोलणारा नुसतं साम्य सांगत नाही. आठवण म्हणजे काटाच असावा अशी कल्पना तो करतो, पण ती कल्पना आहे याचं भान त्याला आहे. ही उत्प्रेक्षा. 'जणू', 'जणू काय', 'गमे', 'वाटे', 'भासे' हे तिचे नेहमीचे शब्द.

आठवणीचा काटा रुतून बसला. कल्पना म्हणून नव्हे, दोन्ही एकच म्हणून सांगितलं. रूपक.

ही आठवण नव्हे, काटाच आहे. उपमेय आहे ते नाकारलं आणि त्याच्या जागी उपमान बसवलं. अपन्हुती.

काटा अजून आतच आहे. इथे आठवण हा शब्दच नाही. उपमानाने उपमेयाला गिळून टाकलं आहे, मागच्यापुढच्या संदर्भावरूनच ते कळतं. जुन्या शास्त्रात याची जागा अतिशयोक्तीत आहे, आणि नेमकं नाव द्यायचं तर रूपकातिशयोक्ती.

आता या पाच वाक्यांना इंग्रजी नावं द्या. पहिली दोन सिमिली, उरलेली तीन मेटाफर. इंग्रजी समीक्षक पाचव्याला फार तर 'इम्प्लिसिट मेटाफर' म्हणेल. याचा अर्थ इंग्रजी दृष्टी कमी सूक्ष्म आहे असा नाही. तिचं बारकाव्याचं काम संज्ञेने न होता ओळीच्या वर्णनातून होतं. आपल्याकडे तेच काम नावाने होतं. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना मेटाफर या एका शब्दासमोर रूपक, अपन्हुती आणि रूपकातिशयोक्ती यांतलं एक निवडावं लागतं. मराठीतून इंग्रजीत जाताना नुसतं मेटाफर लिहून पुरत नाही. कवीने उपमेय नाकारलं, की गाळलं, की उपमानाशी एक केलं, हे अर्ध्या वाक्यात सांगावं लागतं.

अजून एक वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. काटा काढला की सुटका होते, आठवण काढली की ती आणखी रुतते. उपमेय उपमानाहून वरचढ ठरलं, म्हणून हा व्यतिरेक. आणि 'काढणे' या क्रियापदाचे दोन अर्थ एकमेकांना छेद देतात, काटा काढणं म्हणजे बाहेर काढणं आणि आठवण काढणं म्हणजे मनात आणणं, म्हणून त्यात श्लेषही आहे. व्यतिरेकाला इंग्रजीत रूढ असं एक नाव नाही. श्लेषाला 'पन' हे नाव आहे, पण तो शब्द बहुतेकदा विनोदाच्या अंगाने येतो आणि या वाक्यात विनोद नाही. इंग्रजीत हे समजवायचं असेल तर नावावर विसंबू नये, 'काढणे'चे दोन अर्थच सांगावेत.

तिसरी पायरी : खुणेच्या शब्दावर भरवसा न ठेवणं

सर्वाधिक चुका इथे होतात. 'सारखा' दिसला की उपमा आणि 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, ही सवय परीक्षेपुरती ठीक आहे. कवितेत ती फसवते.

'तो अगदी वडिलांसारखा दिसतो' यात 'सारखा' आहे, पण अलंकार नाही. एकाच जातीच्या दोन गोष्टींमधलं हे साधं साम्य आहे, त्यात चमत्कृती नाही. 'गवा हा गाईसारखा प्राणी' हे वाक्य ज्ञान देतं, काव्य देत नाही, हे संस्कृत शास्त्रकारांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. तसंच 'पाऊस येईल असं वाटतं' यात 'वाटतं' आहे, पण तो अंदाज आहे. उत्प्रेक्षेत बोलणाऱ्याला वस्तुस्थिती माहीत असते आणि तरीही तो वेगळी कल्पना करतो. म्हणून मी 'वाटतं'च्या आधी 'खरं तर तसं नाही, पण' हे शब्द घालून पाहतो. वाक्याला ते मानवले तर उत्प्रेक्षा. 'खरं तर पाऊस येणार नाही, पण येईल असं वाटतं' असं म्हणून पाहिलं की वाक्य मोडतं.

उलट बाजूची फसगत समासात होते. 'चरणकमल' हे रूपक की उपमा? शब्दाकडे बघून ठरत नाही, क्रियापदाकडे बघावं लागतं. 'चरणकमल धुतले' म्हटलं तर धुणं पायांना लागू पडतं, म्हणून पाय मुख्य आणि कमळ नुसतं साम्यापुरतं. ही कमळासारख्या पायांची उपमा. 'चरणकमल उमलले' म्हटलं तर उमलणं कमळालाच शोभतं, म्हणजे पाय कमळच झाले, हे रूपक. ही परीक्षा जुन्या टीकाकारांची आहे आणि ती आजही अचूक चालते. शालेय पुस्तकं असे सगळे समास रूपकाखाली घालतात. परीक्षेत तसंच लिहावं. अनुवाद किंवा रसग्रहण करताना क्रियापद पाहावं.

चौथी पायरी : हे अलंकार आहे की भाषेची रीत

मघाशी सांगितलेला टेबलाचा पाय इथे येतो. इंग्रजी समीक्षेत आणि भाषाविज्ञानात मेटाफर हा शब्द बोलीतल्या रुळलेल्या प्रयोगांनाही लावतात. त्याचं मूळ थेट अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत जातं. त्याच्या काव्यशास्त्रात मेटाफर म्हणजे एका वस्तूचं नाव दुसरीला देणं, आणि त्यात जातीचं नाव पोटजातीला देणं सुद्धा बसतं. आपल्याकडे हा प्रांत अलंकाराचा नाही, शब्द अर्थ कसा देतो याचा, म्हणजे शब्दशक्तीचा आहे. मूळ अर्थ लागू पडत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. 'टेबलाचा पाय', 'बाबा ताटावर बसले', 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' ही सगळी लक्षणेची उदाहरणं. शेवटच्या वाक्यात बांगडी म्हणजे सौभाग्य. इंग्रजीत याला मेटोनिमी म्हणतील, कारण बांगडी आणि सौभाग्य यांच्यात साम्य नाही, संबंध आहे.

म्हणून नियम सोपा ठेवला आहे. इंग्रजी लेखक बोलीतल्या रुळलेल्या मेटाफरबद्दल बोलत असेल तर मराठीत 'लाक्षणिक प्रयोग' लिहावं. कवीने नव्याने घडवलेल्या मेटाफरबद्दल बोलत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जावं.

रूपक या शब्दाबद्दल एक सावधगिरी. तो एकट्या अलंकाराचा नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाट्यप्रकार, म्हणून 'दशरूपक' हे ग्रंथाचं नाव. रेडिओवर 'संगीत रूपक' असतं. इंग्रजी अ‍ॅलेगरीलाही रूपककथा म्हणतात. संदर्भ धूसर असेल तर 'रूपक अलंकार' असं पूर्ण लिहावं. आणि एकच रूपक अनेक ओळींत अंगाअंगाने फुलवलेलं असेल, इंग्रजीत ज्याला 'एक्स्टेंडेड मेटाफर' म्हणतात, तर त्याला सांगरूपक हा तयार शब्द आहे.

काही फसव्या जोड्या इथेच उरकून घेतो. यमक म्हणजे ऱ्हाइम हे मराठीत चालतं, पण संस्कृत ग्रंथांत यमक म्हणजे तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं. जुन्या ग्रंथाबद्दल लिहिताना ऱ्हाइम लिहू नये. अनुप्रास हा अ‍ॅलिटरेशनपेक्षा मोठा आहे, कारण त्याला शब्दाच्या सुरुवातीचंच अक्षर लागत नाही. आणि आयरनीसाठी व्याजोक्ती लिहिणं साफ चूक आहे. व्याजोक्तीत खरं कारण लपवून दुसरं सांगितलं जातं, जसं रडू आलं असताना डोळ्यांत धूळ गेली म्हणणं. स्तुतीच्या शब्दांत निंदा असेल तर ती व्याजस्तुती.

पाचवी पायरी : रस सर्वांत शेवटी

रसाला इंग्रजीत मूड, इमोशन, सेंटिमेंट असे शब्द देतात. यांतला एकही पुरेसा नाही, कारण रस हे पात्राला किंवा कवीला झालेल्या भावनेचं नाव नाही. पात्राच्या ठायी स्थायी भाव असतो: शोक, रती, भय, उत्साह. तो कवितेतून वाचकाला आस्वादाला मिळतो तेव्हा रस होतो: करुण, शृंगार, भयानक, वीर. भरताच्या नाट्यशास्त्रात असे आठ रस आहेत, शांत हा नववा पुढे मानला गेला. म्हणून इंग्रजी लेखात नायिकेच्या 'ग्रीफ'बद्दल लिहिलं असेल तर मराठीत शोक; त्या कवितेने वाचकावर केलेल्या परिणामाबद्दल लिहिलं असेल तर करुण. पेथॉस हा शब्द करुणाच्या बराच जवळ येतो.

यातली एक सीमारेषा अनुवादात हमखास पुसली जाते. दूर असलेल्या माणसासाठी होणारी व्याकूळता करुण असतेच असं नाही. भेट होण्याची आशा शिल्लक असेल तर तो विप्रलंभ शृंगार. ती आशा कायमची संपली असेल तर करुण. इंग्रजीत दोन्हींना 'सॅड पोएम' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी कवितेत पुरावा शोधावा लागतो.

सगळ्या पायऱ्या एकत्र

याच लेखासाठी चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांवर ही रीत चालवून पाहू.

सांज उंबऱ्याशी येऊन बसते,
दिव्याची वात हलते, जणू कुणी दार ढकललं.
तुझ्या आठवणीचं ओझं मी खुंटीला टांगते,
आणि रात्रभर खुंटी कुरकुरते.

पहिल्या ओळीत सांज माणसासारखी येऊन बसते. चेतनगुणोक्ती, इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन. जोडी सरळ जुळते, पुढे जाऊ.

दुसऱ्या ओळीत 'जणू' आहे. घाईत कुणी सिमिली म्हणेल. पण पहिली पायरी लावा: वातीची तुलना कशाशी केली आहे? कशाशीच नाही. वात हलते हे खरं, आणि ती हलण्याचं कारण म्हणून दार ढकललं गेल्याची कल्पना केली आहे. उत्प्रेक्षा वस्तूची असते तशी कारणाचीही असते, ही हेतूत्प्रेक्षा. इंग्रजीत 'अ‍ॅज इफ' दिसतं म्हणून सिमिली लिहिलं तर वाचक वातीचं दाराशी साम्य शोधत बसेल आणि ते सापडणार नाही. इथे 'वात हलण्याचं कल्पिलेलं कारण' असं वर्णनच द्यायला हवं.

तिसऱ्या ओळीत 'आठवणीचं ओझं'. क्रियापद पाहा: टांगणं. आठवण टांगता येत नाही, ओझं टांगता येतं. क्रियापद उपमानाच्या बाजूने गेलं, म्हणून रूपक. इंग्रजीत मेटाफर. इथे शाळेतली जोडी बरोबर बसते.

चौथ्या ओळीत मला स्वतंत्र अलंकाराचं नाव द्यायचं नाही. तिसऱ्या ओळीचं रूपक पुढे चाललं आहे, कारण ओझ्याने खुंटी कुरकुरणं साहजिकच आहे. 'कुरकुरणे'मध्ये लाकडाचा आवाज आणि माणसाची तक्रार असे दोन्ही अर्थ आहेत, पण दुसरा अर्थ फार हलका आहे, त्याला श्लेष म्हणून पुढे ओढू नये. या ओळीत खरं काम व्यंजनेचं, म्हणजे न बोलता सुचवण्याचं आहे. रात्रभर आवाज ऐकू येतो म्हणजे ऐकणारी रात्रभर जागी आहे, आणि टांगून ठेवलेलं ओझं तिच्यावरून उतरलेलं नाही. हे ओळीत कुठेही म्हटलेलं नाही. इंग्रजीत याला 'इम्प्लिकेशन' किंवा 'सजेशन' म्हणता येईल. सुचवलेला अर्थ हाच काव्याचा प्राण मानणाऱ्या ध्वनिसिद्धान्तावरच्या इंग्रजी लेखनात 'सजेशन' हा शब्द रुळलेला आहे, तोच घ्यावा.

आता रस. शोक, विरह, दुःख यांपैकी एकही शब्द कवितेत नाही, आणि ते चांगलंच आहे. भावाचं नाव शब्दांत उच्चारणं हा मम्मटाने रसदोषांत गणला आहे. मग करुण की विप्रलंभ? पुरावा दुसऱ्या ओळीत आहे. वात हलली की दार ढकललं गेल्यासारखं जिला वाटतं, ती अजून कुणाची तरी वाट पाहते आहे. आशा शिल्लक आहे, म्हणून विप्रलंभ. दुसरी ओळ नुसती 'दिव्याची वात वाऱ्याने हलते' अशी करून सगळं पुन्हा वाचा. उत्प्रेक्षा गेली, तिच्याबरोबर दार गेलं, आणि त्याच खुंटीच्या कुरकुरीने कविता करुणाकडे झुकते.